रविवारच्या एका तासाचा हिशेब
(धर्मशिक्षणवर्गाच्या वर्षारंभीं पालकांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



मिस्सा संपल्यावर घाई न करितां आपण सर्वजण येथें थांबलांत, याबद्दल मी आपला आभारी आहें. पुढील रविवारीं, म्हणजे जूनच्या दुसऱ्या रविवारीं, आपल्या धर्मग्रामाचे धर्मशिक्षणवर्ग सुरू होतील. वर्गांत काय शिकवावयाचें, वर्ग केव्हां भरावयाचे, वर्गणी किती घ्यावयाची आणि शिक्षकांकडून आपण कशाची अपेक्षा करावी, ह्या चार गोष्टी आज सांगावयाच्या आहेत. यंदा आपल्या धर्मग्रामाचें महोत्सवी वर्ष असल्यामुळें सभा मोठी भरली आहे. परंतु सांगावयाचें तें दरवर्षींप्रमाणें साधेंच आहे. ह्या चारही गोष्टी एकाच हिशेबावर उभ्या आहेत, म्हणून आधीं तो हिशेब आपणांपुढें मांडतों.

जूनच्या दुसऱ्या रविवारापासून मार्चच्या तिसऱ्या रविवारापर्यंत सुमारें 41 रविवार येतात. त्यांतून दिवाळीचे तीन, नाताळाचे व नव्या वर्षाचे मिळून दोन, शाळेच्या परीक्षांच्या वेळचे तीन, आपल्या सणाचा एक आणि मुसळधार पावसांत वाटा बंद होतात असे दोन, एवढे वजा करा. राहिले 30. प्रत्येक रविवारीं एक तास. त्या तासांतील दहा मिनिटें प्रार्थना, हजेरी आणि मुलांची बसण्याउठण्याची गडबड ह्यांत जातात. तीस रविवारांचीं अशीं तीनशें मिनिटें, म्हणजे पांच तास, गेले. शिकविण्याकरितां उरतात 25 तास. एका दिवसरात्रींत जितके तास असतात त्यांहून एकच अधिक! एका वर्षांत आपल्या लेंकरास देवाविषयीं शिकविण्यास शिक्षकांच्या हातीं एवढाच वेळ असतो.

आतां दुसरी बाजू पाहा. ज्या घरांत रात्रीं जेवणाआधीं दहा मिनिटें कुटुंबप्रार्थना होते, त्या घरांतील मुलाचे वर्षाचे 60 तास प्रार्थनेंत जातात. म्हणजे वर्गाच्या दुपटीहून अधिक. हा हिशेब मी कोणास लाजविण्यासाठीं मांडीत नाहीं. ह्यावरून कामाची वांटणी कशी करावयाची तें ठरतें, म्हणून मांडतों. जें वारंवार म्हटल्यानेंच अंगीं मुरतें, तें घरीं व्हावें. जें उलगडून सांगावें लागतें, ज्यावर प्रश्न विचारून मुलाला खरोखर समजलें कीं नाहीं हें पाहावें लागतें, तें वर्गांत व्हावें. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, पश्चात्तापाची प्रार्थना, हीं पाठ करविण्यांत वर्गाचा वेळ गेला, तर त्यांचा अर्थ सांगावयास वेळच उरत नाहीं. चर्चच्या कायद्यांतही हाच क्रम आहे. सन 1983 च्या धर्मसंहितेंतील 774 वें कलम आपल्या लेंकरांस शब्दानें व उदाहरणानें श्रद्धेंत वाढविण्याचें कर्तव्य सर्वांच्या आधीं आईबापांवर ठेवितें. आणि 776 वें कलम धर्मशिक्षणाची व्यवस्था करण्याचें कर्तव्य माझ्यावर, प्रमुख धर्मगुरूवर, ठेवितें. शिक्षक हे आपल्या दोघांचेही साहाय्यक आहेत. ते आपली जागा घेणारे नव्हेत.

प्रथम अभ्यासक्रम. पहिली व दुसरीच्या मुलांस देव पिता, सृष्टि आणि प्रभु येशूच्या बालपणाच्या व चमत्कारांच्या गोष्टी सांगितल्या जातील. तिसरीचा वर्ग पहिल्या पापनिवेदनाचा व पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा. चौथी व पांचवींत जुन्या करारांतील आब्राहामापासून संदेष्ट्यांपर्यंतच्या कथा, सहावी व सातवींत दहा आज्ञा व सात संस्कार, आठवी व नववींत दृढीकरणाची तयारी, आणि दहावींत चर्चचा इतिहास व तरुणांचें आचरण. सन 1992 मध्यें प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाचे जे चार भाग आहेत, म्हणजे आपण काय मानतों, संस्कार कसे साजरे करितों, कसें वागतों आणि प्रार्थना कशी करितों, तेच चार धागे पहिलीपासून दहावीपर्यंत निरनिराळ्या रीतीनें विणलेले आहेत.

दहाही वर्गांचें वर्णन करीत बसलों तर दुपार होईल. म्हणून तिसरीचा एकच वर्ग घेऊन सविस्तर सांगतों, कारण आपल्या सर्वांच्या शंका बहुधा ह्याच वर्गाविषयीं असतात, आणि ह्याच वर्गांत काय चुकतें तें सर्वांत लवकर दिसून येतें.

पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्यास मुलाला किती ज्ञान हवें? हा प्रश्न जुना आहे. एके काळीं पुष्कळ देशांत मुलांस दहा, बारा, कोठें कोठें चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवीत. सन 1910 च्या ऑगस्ट महिन्याच्या 8 तारखेस पोप दहावे पायस ह्यांच्या आज्ञेवरून ‘क्वाम सिंग्युलारी’ ह्या नांवाचा आदेश निघाला आणि ही रीत बंद झाली. मुलाला समज येऊं लागली, म्हणजे सुमारें सातव्या वर्षीं, त्यास ख्रिस्तप्रसाद द्यावा, असें त्यांत सांगितलें आहे. संपूर्ण ज्ञान होईपर्यंत थांबण्याची गरज नाहीं. श्रद्धेचीं मुख्य रहस्यें मुलाला आपल्या शक्तीप्रमाणें कळावींत, ख्रिस्तप्रसाद आणि साधी भाकर ह्यांतील भेद त्याला ओळखतां यावा, आणि त्याच्या वयास साजेल अशा भक्तीनें त्यानें तो घ्यावा. आजच्या धर्मसंहितेच्या 913 व्या कलमांत हेंच तत्त्व आहे; आणि 914 वें कलम सांगतें कीं मुलाची तयारी करविणें हें प्रथम आईबापांचें व त्याबरोबर धर्मगुरूचें कर्तव्य होय, आणि ख्रिस्तप्रसादाच्या आधीं पापनिवेदन व्हावें. आमच्याकडे आठ वर्षांच्या, तिसरींतील मुलांस घेण्याची रीत आहे, ती त्यांस वाचतां यावें एवढ्याचसाठीं.

म्हणजे ह्या वर्षाचें सर्व शिक्षण एका भेदाकडे जातें: ही भाकर आणि ती भाकर ह्यांतील भेद. तीस रविवारांची वांटणी आम्हीं अशी केली आहे. पहिले सहा रविवार देव, सृष्टि, पाप आणि प्रभु येशूचें येणें. पुढचे सात रविवार स्नानसंस्कार, सदसद्विवेक आणि पापनिवेदन. त्यानंतरचे बारा रविवार मिस्सा व ख्रिस्तप्रसाद. तीन रविवार देवळांत प्रत्यक्ष सराव, आणि शेवटचे दोन तोंडी परीक्षेचे. पहिलें पापनिवेदन डिसेंबरांत, नाताळापूर्वीं होईल, म्हणजे प्रायश्चित्तकाळांत मुलाला दुसऱ्यांदा तें करण्याची संधि मिळेल व पहिल्या वेळची भीति जाईल. ख्रिस्तप्रसाद पुनरुत्थानकाळांतील रविवारीं दिला जाईल. त्याची तारीख पाटीवर लावली जाईल.

पापनिवेदनाच्या सात रविवारांत मुलाला पांच पायऱ्या शिकवितात: आपल्या वागणुकीचें परीक्षण, मनापासून वाईट वाटणें, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूपाशीं सांगणें, आणि दिलेलें प्रायश्चित्त करणें. शब्द सोपे आहेत. अडचण पहिल्याच पायरीवर येते. आठ वर्षांच्या मुलाला अपघात आणि पाप ह्यांतील फरक कळत नाहीं. खेळतां खेळतां कांचेचा पेला फुटला, तर तें तो पाप म्हणून सांगतो. आणि पेला मांजरानें फोडला असें जें खोटें तो बोलला, तें सांगावयास विसरतो. म्हणून शिक्षिका दोन प्रश्न विचारावयास शिकवितात: मीं हें जाणूनबुजून केलें काय? आणि हें वाईट आहे असें मला त्या वेळीं ठाऊक होतें काय? दोन्हींचें उत्तर ‘होय’ असेल तरच तें सांगावयाचें. कित्येक मुलें मोठ्या दुःखानें सांगतात कीं ‘रविवारची मिस्सा चुकविली.’ घरांतून कोणी नेलेंच नाहीं, तर आठ वर्षांच्या लेंकरानें काय करावें? तो दोष त्याचा नव्हे. अशा वेळीं कोणाचा, हें मी येथें बोलत नाहीं.

ह्या ठिकाणीं आईबापांनीं एक गोष्ट टाळावी. मुलाच्या पापांची यादी आपण करून देऊं नये, आणि पापनिवेदन झाल्यावर ‘काय सांगितलेंस, फादर काय म्हणाले’ असें विचारूं नये. धर्मगुरूवर गुप्ततेचें बंधन किती कडक आहे तें आपण जाणतां. मुलानें स्वतः होऊन सांगितलें तर ऐकावें. विचारूं मात्र नये. शिक्षकांसही हाच नियम आहे. एखाद्या शिक्षकानें मुलांकडून वहींत पापें लिहवून घेतलीं व तीं तपासलीं, असें आपल्या दृष्टीस पडलें, तर त्याच दिवशीं मला कळवावें.

आतां बारा रविवारांचा जो मोठा भाग, त्याविषयीं. त्यांत घोकंपट्टी कोठें कामाची आणि कोठें घातक, हें दाखविणारें एक उदाहरण सांगतों. तिसरीच्या वर्गांत एक मुलगा होता. प्रश्नोत्तरींतील ‘ख्रिस्तप्रसाद म्हणजे काय?’ ह्या प्रश्नाचें उत्तर तो एकही शब्द न चुकतां देई. घरच्या मंडळींस वाटलें, आतां काळजी नाहीं. शिक्षिकेनें एके दिवशीं तोच प्रश्न फिरवून विचारला: ‘मिस्सा संपल्यावर उरलेला ख्रिस्तप्रसाद पवित्र पेटींत ठेवितात. त्या पेटींत काय असतें?’ मुलगा म्हणाला, ‘भाकर.’ ‘आणि येशू?’ ‘तो मिस्सा संपल्यावर स्वर्गांत परत गेला.’ मुलगा मूर्ख नव्हता. त्यानें आपल्या परीनें तर्क केला होता: पाहुणा येतो, जेवण होतें, पाहुणा जातो. पाठ केलेल्या उत्तरानें हा तर्क झांकून टाकला होता, एवढेंच.

त्या शिक्षिकेनें उत्तर पुन्हा घोकावयास लाविलें नाहीं. पहिल्या रविवारीं तिनें शेवटच्या भोजनाची गोष्ट सांगितली आणि विचारलें, ‘हें माझें शरीर आहे’ असें प्रभूनें म्हटलें, कीं ‘हें माझ्या शरीरासारखें आहे’ असें म्हटलें? दुसऱ्या रविवारीं मुलांस घेऊन ती देवळांत गेली आणि पवित्र पेटीजवळचा दिवा दाखविला. रात्रीं देऊळ बंद असतांना, आंत कोणी नसतांना, हा दिवा कां जळतो? मुलांनीं नाना उत्तरें दिलीं: अंधार होऊं नये म्हणून, चोर येऊं नये म्हणून. ती कांहीं बोलली नाहीं. ‘घरीं आईबाबांस विचारून या’ एवढेंच म्हणाली. तिसऱ्या रविवारीं तो मुलगा आपण होऊन म्हणाला, ‘तो आंत आहे म्हणून दिवा जळतो.’ मग तिनें विचारलें, ‘म्हणजे मिस्सेनंतर तो जात नाहीं?’ ‘नाहीं.’ ‘मग पेटीसमोरून जातांना आपण काय करितों?’ त्यानें उत्तर न देतां गुडघा टेंकला. पाठ केलेलें उत्तर तेव्हां त्याचें स्वतःचें झालें. तीन रविवार लागले. परंतु पंचवीस तासांतील हे तीन तास सर्वांत अधिक उपयोगी पडले असें मी समजतों.

घरीं आपणांसही ही परीक्षा करितां येईल. प्रश्न पुस्तकांतल्या शब्दांत विचारूं नका, फिरवून विचारा. उत्तर ठेंचाळत आलें, पण मुलाच्या स्वतःच्या शब्दांत आलें, तर समजा कीं शिक्षण नीट चाललें आहे. उत्तर धडाधड आलें, आणि पुढचा साधा प्रश्न विचारतांच मूल गप्प झालें, तर शिक्षकांस भेटा. ह्याचा अर्थ प्रश्नोत्तरी टाकाऊ आहे असा नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचें मराठी ख्रिस्तपुराण सन 1616 मध्यें छापलें गेलें, त्यांनींच कोंकणींत ख्रिस्ती धर्माची शिकवण लिहिली, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर सन 1622 मध्यें प्रसिद्ध झाली. तीही संवादरूपच आहे. प्रश्नोत्तराची रीत आपल्याकडे चार शतकांची आहे. मात्र तिच्यांत प्रश्न जिवंत असावा लागतो.

उलट बाजूचेंही एक सांगतों. ज्या मुलाला बोलतां येत नाहीं किंवा ज्याची बुद्धि मंद आहे, त्याच्या आईबापांस वाटतें कीं आपल्या लेंकराला हा संस्कार मिळणार नाहीं. म्हणून तीं त्याला वर्गांत आणीतच नाहींत. तसें करूं नका. अशा मुलांसही त्यांच्या स्थितीप्रमाणें धर्मशिक्षण मिळावें, असें धर्मसंहितेचें 777 वें कलम मला बजावितें. जें मूल एक वाक्यही म्हणूं शकत नाहीं, परंतु वेदीपाशीं आल्यावर शांत होतें, हात जोडतें, आणि जेवणाच्या ताटांतील भाकर व ही भाकर एक नव्हे हें आपल्या वागण्यानें दाखवितें, त्याला मी पुस्तकाची परीक्षा विचारणार नाहीं. त्याची तयारी कशी करावी हें आईबाप, शिक्षिका आणि मी एकत्र बसून ठरवूं.

उपासाविषयीं दरवर्षीं घोटाळा होतो, म्हणून दोन वाक्यें. आपल्यापैकीं वृद्ध मंडळींस मध्यरात्रीपासून पाणीसुद्धां न घेण्याचा नियम आठवतो. सन 1953 मध्यें पाण्याची मोकळीक झाली, सन 1957 मध्यें उपास तीन तासांचा झाला, आणि सन 1964 पासून तो ख्रिस्तप्रसादापूर्वीं एका तासाचा आहे. पाणी व औषध केव्हांही चालतें. आजींनीं प्रेमानें नातवास तहानलेलें ठेवूं नये, आणि आईनेंही देवळाच्या दारांत त्याच्या हातीं बिस्किट देऊं नये.

आतां वेळ. मुलांची मिस्सा रविवारीं सकाळीं साडेसातला. त्यानंतर न्याहारीस अवकाश ठेवून वर्ग 8 वाजून 45 मिनिटांनीं सुरू होईल व 9 वाजून 45 मिनिटांनीं सुटेल. आपल्यापैकीं कित्येकांस रविवारीं पहांटेच फुलें-भाजी घेऊन बाजार गांठावा लागतो, कित्येक पाळीवर असतात. अशांच्या मुलांसाठीं शनिवारीं सायंकाळीं 4 ते 5 ह्या वेळांत दुसरा वर्ग भरेल. दोहोंत अभ्यास एकच. मात्र वर्षारंभीं एक वर्ग निवडावा व तोच पाळावा. आज येथें, उद्यां तेथें असें केल्यास शिक्षकांस मूल कोठवर आलें तें कळत नाहीं. दहा मिनिटें उशीर झाला तरी मुलाला परत पाठविणार नाहींत. वर्ग सुटल्यावर मात्र पंधरा मिनिटांच्या आंत कोणीतरी मोठ्या माणसानें मुलाला न्यावें. कोण नेणार त्याचें नांव नोंदणीच्या कागदावर लिहावें, कारण अनोळखी माणसाच्या हातीं मूल दिलें जाणार नाहीं.

हजेरीविषयीं. वर्गांत बसल्याच्या दिवसांवरून संस्कार मिळत नाहीं, आणि आजारपणानें रविवार चुकले म्हणून तो नाकारलाही जात नाहीं. परंतु बारा रविवारांच्या भागांतील चार रविवार गेले, तर मिस्सेचा एक संपूर्ण तुकडा मुलाला ठाऊकच राहत नाहीं. म्हणून चुकलेला धडा घरीं किंवा शनिवारच्या वर्गांत भरून काढावा, आणि तोंडी परीक्षेंत तें दिसावें. शेवटीं मूल तयार नाहीं असें आईबाप, शिक्षिका व मी ह्यांस वाटलें, तर तें अनुत्तीर्ण झालें असें कोणी म्हणणार नाहीं. त्याची तयारी पुढें चालूं राहील, आणि तयारी होतांच, दुसऱ्या वर्षाची वाट न पाहतां, एखाद्या साध्या रविवारीं त्याला ख्रिस्तप्रसाद दिला जाईल.

वर्गणी. प्रत्येक मुलामागें वर्षाला 200 रुपये. त्यांतील 90 पुस्तकाचे, 25 वहीचे, 20 परीक्षेच्या कागदांचे व प्रगतिपत्रकाचे, 30 खडू, चित्रें इत्यादि साहित्याचे, आणि 35 शिक्षकांच्या शिबिराच्या प्रवासाचे. शिक्षक स्वतःसाठीं एक पैसाही घेत नाहींत. एका घरचें दुसरें मूल असल्यास 100 रुपये, तिसऱ्यास कांहीं नाहीं. मोठ्या भावंडाचें पुस्तक चांगलें असेल तर तेंच वापरावें व 90 रुपये वजा करावे. ज्यांस देणें शक्य नाहीं त्यांनीं कारण सांगण्याची गरज नाहीं. कागदावरील रकमेचा रकाना कोरा ठेवावा, मी समजेन. वर्गांत वर्गणीचें नांव काढावयाचें नाहीं अशी शिक्षकांस ताकीद आहे.

संस्काराकरितां मात्र वेगळी फी नाहीं. मेणबत्ती धर्मग्राम देईल. कपडे पांढरे, स्वच्छ व साधे असावे. गेल्या वर्षीं कोणा नातलगानें वापरलेले असले तरी उत्तम. मांडव, बँड आणि शेंकडों पानें ह्यांच्यापायीं कर्ज काढणारीं घरें माझ्या माहितींत आहेत. मुलाला विचारून पाहा, त्या दिवसाचें तुला काय आठवतें? केक आठवतो असें त्यानें म्हटलें, तर पंचवीस तास कोठें गेले याचा विचार करावा.

शेवटीं, शिक्षकांकडून काय अपेक्षा करावी. पांच गोष्टी आपण हक्कानें मागाव्या. पहिली, त्यांनीं वेळेवर यावें व धडा तयार करून यावें. त्यासाठीं शनिवारीं पांच वाजतां ते माझ्याबरोबर एक तास बसतात. दुसरी, सबंध तास पुस्तक वाचून दाखवून किंवा लिहवून घेऊन त्यांनीं भागवूं नये. मुलाच्या वहींत केवळ उतरून घेतलेलीं पानें दिसूं लागलीं, तर विचारणा करावी. तिसरी, प्रार्थना आली नाहीं म्हणून त्यांनीं मुलावर हात उचलूं नये, त्याला उभें करूं नये, इतरांपुढें लाजवूं नये. देवाचें नांव शिकतांना मिळालेला मार मूल देवाच्याच नांवें जमा करितें. चौथी, मूल लागोपाठ दोन वेळां आलें नाहीं तर त्यांनीं आपणांस कळवावें. पांचवी, मुलांच्या सुरक्षिततेची. प्रत्येक वर्गांत दोन मोठीं माणसें असतील, दार उघडें राहील, आणि कोणीही शिक्षक, किंवा मीही, एकट्या मुलाला बंद खोलींत ठेवणार नाहीं. मुलांचें पापनिवेदनही देवळांत, सर्वांच्या दृष्टीसमोर पण कोणास ऐकूं जाणार नाहीं अशा अंतरावर होईल. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध सन 2012 चा कायदा आहे. असा गुन्हा घडल्याचें किंवा घडण्याचा संभव असल्याचें ज्याला कळेल त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे, असें तो सांगतो. चर्चची अब्रू जाईल ह्या भीतीनें कोणीं गप्प बसूं नये. लेंकरूं गप्प बसविलें जातें तेव्हांच ती जाते.

आणि कशाची अपेक्षा करूं नये, तेंही सांगतों. शिक्षकांनीं आपल्या मुलाला क्रुसाची खूण पहिल्यापासून शिकवावी, आपण मिस्सेस न येतां त्यांनीं त्याला मिस्सेची गोडी लावावी, किंवा घरीं रोज होणारें भांडण त्यांनीं एका तासांत विसरवावें, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ते दिवसभर नोकरी, शेती, घरकाम करणारीं आपल्यासारखींच माणसें आहेत. त्यांचें कांहीं खटकलें तर आधीं त्यांनाच एकांतांत सांगावें. त्यानें न भागल्यास मुख्य शिक्षिकेकडे यावें, आणि तरीही समाधान न झाल्यास माझ्याकडे. पाचवा नियम मोडला असेल तर मात्र ह्या पायऱ्या नाहींत. सरळ माझ्याकडे व पोलिसांकडे जावें. मुलासमोर शिक्षकांची निंदा करूं नये, कारण ज्याच्यावर आईचा विश्वास नाहीं त्याचें बोलणें मूल ऐकत नाहीं.

नोंदणी आज व पुढील रविवारीं मिस्सेनंतर कार्यालयांत होईल. तिसरीच्या मुलांचा स्नानसंस्कार दुसऱ्या धर्मग्रामांत झाला असल्यास तेथील दाखला सोबत आणावा. तो हरवला असेल तर स्नानसंस्काराचें ठिकाण व वर्ष सांगावें, पत्र मी लिहीन. आणि नोंदणीच्या कागदाबरोबर तिसरीच्या प्रत्येक घराला एक काम देत आहें: येत्या आठवड्यांत एका सायंकाळीं मुलाला देवळांत घेऊन या, पवित्र पेटीजवळचा दिवा दाखवा, आणि तो कां जळतो असें त्याला विचारा. उत्तर चुकलें तरी चालेल. पहिल्या रविवारीं शिक्षिका तेंच विचारणार आहेत.

सन 1542 मध्यें गोव्यास आलेले संत फ्रान्सिस झेविअर हातांत घंटा घेऊन गल्ल्यांतून फिरत व मुलांस धर्मशिक्षणाला बोलावीत. आपल्या देवळाची घंटा पुढील रविवारीं साडेआठला त्याच कामासाठीं वाजेल. ती ऐकूं आली म्हणजे मुलाचा हात धरून निघा. प्रभु आपल्या घरांस, आपल्या लेंकरांस आणि त्यांच्या शिक्षकांस आशीर्वाद देवो, पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें. आमेन.